काकड आरतीस येणाऱ्या भाविकांसाठी : रस्त्यावरील कुत्री, माकडे व गुरे यांच्याजवळून सुरक्षित कसे जावे



कोजागरी पौर्णिमेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आपल्या मंदिरात पहाटे काकड आरती असते. लष्कर भागातील जुन्या गल्ल्यांतून, जनकगंज व दौलतगंजाकडून, कोणी पायी तर कोणी स्कूटरवरून अंधारातच मंदिराकडे येतात. याच सुमारास रस्त्यावर माणसे थोडी आणि जनावरे पुष्कळ असतात. पावसाळा सरता सरता कुत्र्यांचा माजाचा काळ सुरू होतो, त्यामुळे या महिन्यात त्यांचे कळप एरवीपेक्षा मोठे व चिडखोर असतात. उजाडले की शिखरावर व ओट्यावर माकडे उतरतात. गुरे तर रात्रभर रस्त्यातच बसलेली असतात.

दत्तगुरूंच्या पायाशी श्वान आहेत, पाठीशी गाय आहे, आणि शनिवारी आपण मारुतीरायापुढे रांगेत उभे राहतो. या प्राण्यांविषयी आपल्या मनात द्वेष नाही व नसावा. परंतु श्रद्धेने हात जोडणे निराळे आणि अंधारात त्यांच्याजवळून सुखरूप जाणे निराळे. ही तीन जनावरे तीन निरनिराळ्या गोष्टींना प्रतिसाद देतात. कुत्रा आपल्या गतीला, माकड आपल्या हातातील वस्तूला आणि गाय-बैल आपण व्यापलेल्या जागेला. एवढे ध्यानात ठेवले तर प्रत्येक वेळी काय करावे हे आपोआप उमजते. म्हणून विश्वस्त मंडळाच्या वतीने आम्ही ही माहिती थोडी विस्ताराने देत आहोत.

कुत्रा : गती

गल्लीतील कुत्र्यांच्या प्रत्येक टोळीची एक हद्द असते. ती बहुधा एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत, किंवा कचऱ्याच्या ढिगापासून एखाद्या दुकानाच्या पायरीपर्यंत असते. दिवसा वर्दळीमुळे ती जाणवत नाही. पहाटे मात्र त्या हद्दीत शिरणारे प्रत्येक वाहन त्यांना परके वाटते. पळणाऱ्या वस्तूमागे धावणे हा कुत्र्याचा उपजत स्वभाव आहे. त्यामुळे भुंकणे ऐकून आपण वेग वाढवला की आपण स्वतःच त्यांस पाठलागाचे निमंत्रण देतो.

स्कूटरवर असताना खरा धोका पुष्कळदा दातांचा नसून पडण्याचा असतो. चालक कुत्र्याकडे पाहतो, हँडल वळते, पाय झाडला जातो, मागे बसलेली व्यक्ती घाबरून एका बाजूस झुकते आणि गाडी घसरते. म्हणून टोळी दिसताच, ती जवळ येण्यापूर्वीच, वेग कमी करावा. माणसाच्या चालीच्या वेगाने, हँडल सरळ ठेवून, दृष्टी समोरच्या रस्त्यावर ठेवून जावे. पाय पायठेवणीवरच असावेत. मागे बसणाऱ्यास निघतानाच सांगून ठेवावे की कुत्रा आला तरी हलू नये व पाय उचलू नयेत. लुगड्याचा पदर व ओढणी आधीच खोचून घ्यावी. कुत्रे अगदी चाकाशी आले तर गाडी थांबवावी. गती थांबली की पाठलागाचे कारण संपते. बहुतेक कुत्री दोन-चार क्षण भुंकून मागे फिरतात, आणि मग हळूहळू पुढे निघता येते.

पायी असताना नियम हाच आहे. धावू नये. जागीच थांबावे, अंग किंचित तिरके करावे, हात शरीराशी ठेवावेत आणि कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. नजर त्याच्या पायांकडे असावी, म्हणजे तो कुठे आहे हेही कळते. मग पाठ न फिरवता एक एक पाऊल मागे वा बाजूस सरावे. छत्री, काठी वा झोळी असल्यास ती आपल्या व कुत्र्याच्या मध्ये धरावी, पण उगारू नये. पडलोच तर गुडघे पोटाशी घ्यावेत, दोन्ही हातांनी मान व कान झाकावेत आणि निश्चल राहावे.

कोणता कुत्रा खरोखर धोक्याचा, हे कसे ओळखावे? जो सैल अंगाने भुंकत येतो आणि मध्येच थबकतो, तो बहुधा हद्दीची जाणीव करून देत असतो. ज्याचे अंग ताठ, शेपूट उंच व स्थिर, पाठीवरचे केस उभे आणि जो आवाज न करता एकटक पाहतो, त्याच्यापासून अधिक सावध राहावे. पिले असलेली कुत्री जवळपास असल्यास तो रस्ता सोडून दुसऱ्या गल्लीने यावे, हे सर्वांत चांगले. कार्तिक सरून थंडी वाढली की अशी पिले ठिकठिकाणी आढळतात.

कानाला छेद दिलेला कुत्रा म्हणजे निर्बीजीकरण झालेला कुत्रा. त्या वेळी त्यास रेबीजची लसही दिलेली असते. परंतु ती लस आयुष्यभर पुरत नाही आणि पुन्हा दिली गेली की नाही हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणून कानावरील खूण पाहून चाव्याकडे दुर्लक्ष करू नये.

माकड : हातातील वस्तू

आपल्या शहरात दोन प्रकारची माकडे दिसतात. लाल तोंडाची, आखूड शेपटीची माकडे, आणि काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे. भाविकांच्या हातातून वस्तू हिसकावण्याचे व चावण्याचे प्रकार अधिक करून लाल तोंडाच्या माकडांकडून होतात. माणसाच्या मागे ते विनाकारण लागत नाही. ते पिशवीच्या मागे लागते. कुरकुरणारी प्लास्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, हे त्याला आपणच शिकवले आहे.

म्हणून नारळ, केळी, पेढे हे सर्व तोंड बांधलेल्या कापडी झोळीत आणावे आणि झोळी खांद्यावर न लटकवता पोटाशी धरावी. ओट्यावर बसून प्रसाद खाऊ नये, तो सभामंडपात घ्यावा. माकड समोर आलेच आणि हातात काही नसेल, तर दोन्ही तळवे उघडे करून दाखवावेत. रिकामे हात त्यास समजतात. त्याने पिशवी धरली तर ओढाताण न करता सोडून द्यावी. नारळ दुसरा मिळेल. चष्मा पळवला तरी मागे धावू नये, विशेषतः गच्चीवर वा पायऱ्यांवर. माकडास पाहून मागे सरताना कठडा नसलेल्या गच्चीवरून पडणे हे चाव्याहूनही घातक ठरते.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. माकडांच्या भाषेत रोखून पाहणे आणि दात दाखवणे हे आव्हान असते. आपण कौतुकाने हसतो, मुले वाकुल्या दाखवतात, आणि माकड त्याचा अर्थ भांडण असा घेते. त्याने तोंड उघडून आपल्याकडे टक लावली, भुवया ताणल्या वा मान पुढे काढून झेप घेतल्यासारखे केले, तर ती धमकी समजावी. अशा वेळी दृष्टी खाली वळवावी व पाठ न दाखवता बाजूस व्हावे. काठी असल्यास जमिनीवर आपटावी, अंगावर मारू नये. पोटाशी पिलू असलेली मादी व आपण यांच्यामध्ये उभे राहू नये. एक पिलू किंचाळले की सारा कळप धावून येतो. त्याला पळण्यास वाट उरणार नाही अशा कोपऱ्यातही त्यास कधी अडवू नये.

गाय-बैल : जागा

गुरे चिडखोर नसतात. अपघात होतो तो त्यांची दृष्टी व आपला वेग यांच्या मेळ न बसण्याने. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्याने तिला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण थेट मागचे दिसत नाही आणि समोरच्या वस्तूचे अंतर नीट उमजत नाही. मागून अचानक वाजलेला भोंगा ऐकून ती कोणत्या दिशेस उठेल याचा नेम नसतो. म्हणून जवळ जाऊन भोंगा वाजवू नये. दुरूनच वेग कमी करावा.

चालती गाय पुढे जाते, मागे सहसा येत नाही. म्हणून ती रस्ता ओलांडत असेल तर तिच्या पुढून घुसण्याऐवजी थांबावे व मागून जावे. मात्र लाथेच्या टप्प्याबाहेर, निदान दोन मीटर अंतर ठेवून जावे. गाय केवळ मागे नव्हे, बाजूसही लाथ फेकते. पायी असल्यास हळू आवाजात काही बोलत जावे, म्हणजे आपण तेथे आहोत हे तिला कळते. गाय व वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नये.

दोन सांड मान खाली घालून, खुरांनी माती उकरत, अंगाची आडवी बाजू एकमेकांस दाखवत असतील, तर झुंज जुंपणार असे समजावे. तेथे बघ्यांच्या गर्दीत उभे राहू नये. हरलेला सांड वाट फुटेल तिकडे धावतो. भिंतीच्या आड, पायऱ्यांवर किंवा दुकानात शिरावे आणि झुंज सुटून काही वेळ जाईपर्यंत बाहेर येऊ नये.

अंधारातील बसलेले गुरू हा मात्र सर्वांत मोठा धोका आहे. पावसाळ्यात व ओल असेपर्यंत गुरे डांबरी रस्ता पसंत करतात, कारण तो कोरडा असतो आणि वाहनांच्या वाऱ्याने माश्या कमी बसतात. आता थोडा हिशेब पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने स्कूटर दर सेकंदास ११ मीटर जाते. समोर काही आहे हे लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात १६ ते १७ मीटर जातात. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर थांबण्यास सुमारे १० मीटर लागतात. एकूण २७ मीटर झाले. ताशी ६० च्या वेगाने हेच अंतर ४८ मीटरच्या आसपास जाते. गडद रंगाची, आपल्याकडे पाठ करून बसलेली गाय स्कूटरच्या खालच्या झोतात बहुधा पंचवीस-तीस मीटरवर आल्यावरच दिसते. म्हणजे ४० च्या वेगाने आपण कसेबसे थांबू, ६० च्या वेगाने थांबणे शक्यच नाही. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपले, तर ४० सुद्धा अधिक होतात. पहाटे येताना वेग ३० च्या आत ठेवावा आणि डोळे दिपताच आणखी कमी करावा, हे यासाठीच.

आणखी एक धोका फारसा कोणास ठाऊक नसतो. रेबीज गाई-गुरांसही होतो. एखादी गाय सारखी लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, आणि घशात काही अडकले असावे असे समजून दयाळू माणूस तिच्या तोंडात हात घालतो. असे कदापि करू नये. मध्य प्रदेशात पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा क्रमांक आहे. त्यावर कळवावे व दूर उभे राहावे.

दंश वा ओरखडा झाल्यास

सर्व काळजी घेऊनही प्रसंग ओढवतो. पुढील उदाहरण अशाच एका नित्याच्या प्रसंगाचे आहे. समजा, एक गृहस्थ पत्नीसह स्कूटरवरून काकड आरतीस येत आहेत. कुत्र्याने पोटरीस दात लावला. धोतर फाटले, आत बोटभर ओरखडा आहे व रक्ताचे दोन-चार थेंब आले आहेत. पुढे आरतीची वेळ आहे. घरी जाऊन हळद लावू, असे त्यांच्या मनात येते. याच क्षणी निर्णय योग्य झाला पाहिजे, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय उरत नाही. लक्षणांपूर्वी मात्र तो जवळजवळ पूर्णपणे टाळता येतो.

पहिले काम धुण्याचे. मंदिराच्या आवारातील नळाखाली, वाहत्या पाण्याने व साबणाने, घड्याळ लावून पूर्ण १५ मिनिटे जखम धुवावी. बहुतेक जण एका मिनिटात हात आखडता घेतात. विषाणू जखमेतून धुऊन काढण्याची हीच संधी असते. हळद, चुना, तिखट, तेल, विभूती यांपैकी काहीही लावू नये. धुतल्यावर आयोडीनचे जंतुनाशक लावावे. पट्टी आवळून बांधू नये आणि टाके घालण्याची घाई करू नये.

दुसरे काम त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाण्याचे. तेथे लस विनामूल्य मिळते. डॉक्टर जखमेची पायरी ठरवतात. धड त्वचेवर चाटले असेल तर धुणे पुरते. रक्त न आलेला किरकोळ ओरखडा असेल तर लस लागते. आपल्या उदाहरणात रक्त आले आहे, म्हणून ही तिसरी व गंभीर पायरी ठरते. हिच्यात लशीबरोबर जखमेत व तिच्या भोवती टोचावयाचे प्रतिद्रव्याचे औषधही लागते. कारण लशीमुळे शरीरात संरक्षण निर्माण होण्यास काही दिवस जातात. तोवरचे संरक्षण हे औषध देते. जखम लहान आहे म्हणून ते टाळू नये. रक्त आल्याचे आपण स्पष्टपणे सांगावे.

तिसरे काम तारखा पाळण्याचे. पहिली मात्रा घेतली तो दिवस शून्य धरतात, पहिला नव्हे. समजा ती ७ नोव्हेंबरला घेतली. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत पुढील मात्रा ३ ऱ्या, ७ व्या व २८ व्या दिवशी, म्हणजे १० नोव्हेंबर, १४ नोव्हेंबर व ५ डिसेंबर या तारखांस येतात. स्नायूत टोचण्याची पद्धत असल्यास १४ व्या दिवसाची, २१ नोव्हेंबरची, एक मात्रा वाढते. रुग्णालयाच्या चिठ्ठीवर या तारखा लिहून घ्याव्यात व घरातील दिनदर्शिकेवर खुणा कराव्यात. शेवटची मात्रा चुकवण्याचा मोह होतो, कारण तोवर जखम भरून आलेली असते.

कुत्रा ओळखीचा असल्यास त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवावे, परंतु उपचार त्यासाठी थांबवू नयेत. तो धडधाकट राहिला तर पुढील मात्रांविषयी डॉक्टर सांगतील. पूर्वी पूर्ण लस घेतलेली असेल तर बहुधा दोनच मात्रा पुरतात व प्रतिद्रव्य लागत नाही, म्हणून जुनी चिठ्ठी जपून ठेवावी. गर्भवती स्त्रियांनाही ही लस दिली जाते. माकडाच्या चाव्यासही हेच उपचार लागतात. दंश होऊन काही दिवस लोटले असतील तरी लाज न बाळगता जावे.

मुलांविषयी विशेष विनंती. रागावतील या भीतीने मुले ओरखडा लपवतात. घरात आधीच सांगून ठेवावे की कुत्रा वा माकड लागले तर कोणी रागावणार नाही, पण लगेच सांगायचे.

खाऊ घालण्याविषयी

अमावस्येस गोग्रास, शनिवारी माकडांस फुटाणे-केळी, कुत्र्यास भाकरी, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. ती मोडावी असे आम्ही म्हणत नाही. तिची जागा मात्र बदलावी. रस्त्याच्या मध्यभागी टाकलेला चारा गाईस रस्त्यावर बसवतो, आणि पहाटे येणारा स्कूटरस्वार त्याची किंमत मोजतो. पायरीवर माकडास दिलेले केळे दुसऱ्या दिवशी एखाद्या वृद्ध मातोश्रींच्या हातावर ओरखडा होऊन परत येते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांना रस्त्यांवर कोठेही खाऊ न घालता त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच घालावे असे म्हटले आहे.

तरी गोग्रासाचा चारा गोशाळेत द्यावा आणि मंदिराच्या पायऱ्यांवर, ओट्यावर व प्रवेशद्वारासमोर कोणत्याही प्राण्यास काही घालू नये, अशी नम्र विनंती आहे. प्रवेशद्वाराजवळील नळाशी साबण ठेवावा व तो संपू देऊ नये, असे सेवेकऱ्यांस सांगितले आहे. कोणास दंश झाल्यास आरती संपण्याची वाट न पाहता प्रथम त्या नळाकडे जावे. श्रींची आरती दुसऱ्या दिवशीही होणार आहे.



— विश्वस्त मंडळ